आधीच क्रमात असलेल्या यादीवरच क्विकसॉर्ट रखडतो, असे का? (पिव्हटची निवड)

रेवदंडा_सी

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेसाठी सी भाषेत लिहिलेले एक छोटे साधन माझ्याकडे देखभालीला आले आहे. शाखांकडून आलेल्या फाइल वाचून सभासद क्रमांकानुसार एकत्र लावणे, एवढेच त्याचे काम आहे. क्रम लावण्यासाठी त्यात पुढील फंक्शन आहे. मूळ कोडमध्ये पूर्ण नोंदी आहेत. येथे सोपे जावे म्हणून फक्त पूर्णांक ठेवले आहेत.

```c
void kram(int a[], int lo, int hi) {
    if (lo >= hi) return;
    int p = a[lo], i = lo;
    for (int j = lo + 1; j <= hi; j++)
        if (a[j] < p) swap(&a[++i], &a[j]);
    swap(&a[lo], &a[i]);
    kram(a, lo, i - 1);
    kram(a, i + 1, hi);
}
```

चाचणीसाठी 1 लाख संख्यांची विस्कळीत फाइल दिली, तर काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. मात्र डेटाबेसमधून सभासद क्रमांकाच्याच क्रमाने काढलेली, म्हणजे आधीच चढत्या क्रमात असलेली तेवढीच मोठी फाइल दिली, की विंडोजवरील डीबग बिल्ड कोसळतो. रिलीज बिल्ड कोसळत नाही, पण इतका वेळ घेतो की माणसाला वाटावे, प्रोग्राम अडकला. अंतिम उत्तर दोन्ही वेळा बरोबर येते, त्यामुळे तर्कात चूक नसावी. ज्या यादीत काही हलवायचेच नाही, तिच्यावर सर्वांत जास्त कष्ट का पडावेत, हे मला समजून घ्यायचे आहे. केवळ `qsort` वापरा असे कृपया सांगू नये. तो मार्ग मोकळा आहेच.

---

खटपट्या

उत्तर सोपे आहे. पिव्हट म्हणून पहिली संख्या घेऊ नका, मधली घ्या. `a[lo]` आणि `a[(lo+hi)/2]` यांची अदलाबदल करून पुढचे सर्व तसेच ठेवा. क्रमातल्या यादीत मधली संख्या म्हणजे नेमकी मध्यस्थ संख्या असते, त्यामुळे यादी दर वेळी बरोबर अर्धी होईल आणि तुमचा प्रश्न संपेल. मी गेली अनेक वर्षे असेच करत आलो आहे आणि कधीही तक्रार आलेली नाही.

---

निवृत्त_मास्तर

खटपट्या यांचा उपाय या एका फाइलपुरता बरोबर आहे, पण विचारलेला प्रश्न "का" असा आहे. त्याकडे आधी पाहू, म्हणजे उपाय कुठपर्यंत पुरतो तेही आपोआप दिसेल.

11, 14, 19, 23, 30, 37, 42, 58 या आठ संख्या तुमच्या फंक्शनला देऊन कागदावर पावले लिहा. पहिला पिव्हट 11. उरलेल्या सातही संख्या त्याच्याशी ताडून पाहिल्या जातात, एकही त्याहून लहान निघत नाही, `i` जागचा हलत नाही आणि शेवटी 11 ची अदलाबदल स्वतःशीच होते. डावा भाग रिकामा राहतो, उजव्या भागात सात संख्या राहतात. पुढचा पिव्हट 14, सहा तुलना, पुन्हा डावीकडे काही नाही. असे करत 7 + 6 + 5 + 4 + 3 + 2 + 1 म्हणजे 28 तुलना होतात. आता मधला पिव्हट घेऊन तीच यादी चालवा. पहिला पिव्हट 23, सात तुलना, डावीकडे तीन संख्या आणि उजवीकडे चार. डाव्या तिघांत पिव्हट 14, दोन तुलना. उजव्या चौघांत पिव्हट 37, तीन तुलना, आणि मग 42 व 58 यांच्यात एक. एकूण 13.

हे 28 आणि 13 कुठून आले, ते पाहणे महत्त्वाचे आहे. आठ संख्यांच्या एकूण जोड्या 28 होतात. क्विकसॉर्टमध्ये कोणत्याही दोन संख्यांची तुलना फार तर एकदाच होते, कारण तुलना होताना दोघींपैकी एक पिव्हट असते आणि पिव्हट आपल्या जागी बसला की पुढच्या खेळातून बाहेर पडतो. पिव्हटने ज्या दोन संख्यांना वेगवेगळ्या बाजूंना टाकले, त्यांची गाठ मात्र पुन्हा कधीच पडत नाही. म्हणजे 23 ने डावीकडे तीन आणि उजवीकडे चार संख्या टाकल्या, तेव्हा 3 × 4 = 12 तुलना कायमच्या वाचल्या. 14 ने 1 × 1 = 1 वाचवली, 37 ने 1 × 2 = 2. वाचलेल्या एकूण 15, आणि 28 मधून 15 गेले की 13.

पिव्हट जर सर्वांत लहान संख्या असेल, तर एका बाजूला शून्य संख्या येतात आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. तुमच्या क्रमातल्या फाइलवर प्रत्येक पावलाला हेच घडते. फंक्शन आपली मेहनत प्रामाणिकपणे करते, पण एकही तुलना वाचवत नाही, आणि शेवटी प्रत्येक संख्या प्रत्येक संख्येशी ताडून पाहिली जाते. 1 लाख संख्यांसाठी ही संख्या 1,00,000 × 99,999 ÷ 2, म्हणजे जवळजवळ 500 कोटी. तेवढ्याच विस्कळीत संख्यांसाठी सरासरी सुमारे 20 लाख तुलना लागतात. दोहोंत अडीच हजार पटींचा फरक आहे, आणि तुम्हाला प्रोग्राम अडकल्यासारखा वाटतो तो यामुळे.

क्रम आधीच लागलेला आहे हे या पद्धतीला कळत नाही, कारण ती प्रत्येक संख्या शेजारणीशी नव्हे, फक्त पिव्हटशी ताडून पाहते. इन्सर्शन सॉर्ट शेजाऱ्याकडे पाहतो, म्हणून त्याला हीच यादी 7 तुलनांत आटोपता येते.

---

मृण्मयी_टेस्टिंग

मास्तर, "वाचलेल्या तुलना" ही मांडणी फार आवडली. एक शंका आहे. यादी उतरत्या क्रमात असेल तर पहिली संख्या सर्वांत मोठी असेल, म्हणजे तिथेही एक बाजू रिकामीच. पण पहिल्या पावलानंतर अदलाबदल होऊन क्रम विस्कटतो, मग पुढे तरी परिस्थिती सुधारत असेल का?

---

निवृत्त_मास्तर

मलाही प्रथमदर्शनी तसेच वाटले असते, पण करून पाहा. 8, 7, 6, 5, 4, 3, 2, 1 घ्या. पिव्हट 8, बाकी सर्व लहान, म्हणून `i` शेवटपर्यंत जातो आणि 8 ची अदलाबदल शेवटच्या 1 शी होते. यादी होते 1, 7, 6, 5, 4, 3, 2 आणि शेवटी 8. पुढच्या पावलाला पिव्हट 1, म्हणजे सर्वांत लहान. डावी बाजू रिकामी. त्यानंतर 7, 6, 5, 4, 3, 2 वर पिव्हट 7, म्हणजे पुन्हा सर्वांत मोठा. एकदा सर्वांत मोठा, एकदा सर्वांत लहान, असे आळीपाळीने चालते आणि एकूण तुलना पुन्हा 28 च भरतात. क्रम विस्कटला खरा, पण आपल्या उपयोगाच्या रीतीने विस्कटला नाही.

---

कोडवेडा_पुणे

मला वाटते सर्वजण विनाकारण खोलात जात आहेत. क्रॅश होतो तो स्टॅक भरल्यामुळे. रिकर्शन करताना लहान भागासाठी फंक्शन पुन्हा बोलवा आणि मोठ्या भागासाठी लूप वापरा. मग खोली log₂ n पेक्षा जास्त होऊच शकत नाही, म्हणजे 1 लाखासाठी 17 च्या आत. इतके केले की वर्स्ट केस राहतच नाही.

---

दुबईकर_सिस्टिम्स

कोडवेडा, तुमचे पहिले वाक्य आणि उपाय दोन्ही बरोबर, शेवटचे वाक्य मात्र नाही. लहान भागावर रिकर्शन आणि मोठ्यावर लूप केल्याने स्टॅक वाचतो. तुलना 500 कोटीच राहतात. क्रमातल्या फाइलवर लहान भाग रिकामा असेल, त्यामुळे रिकर्शन जवळपास होणारच नाही, आणि लूप 1 लाख फेऱ्या निमूटपणे मारत राहील. प्रोग्राम कोसळणार नाही, पण वेळ तेवढाच लागेल. देखभाल करणाऱ्याच्या दृष्टीने हे कधीकधी अधिक त्रासाचे असते, कारण कोसळलेला प्रोग्राम निदान कुठे कोसळला ते सांगतो.

रेवदंडा यांच्या डीबग आणि रिलीज बिल्डमधला फरकही इथूनच येतो. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये मुख्य थ्रेडला डीफॉल्ट स्टॅक 1 एमबी मिळतो. 1 लाख पातळ्या खोल जायचे तर प्रत्येक पातळीच्या वाट्याला सुमारे 10 बाइट येतात, आणि 64 बिटांच्या प्रोग्राममध्ये परतीचा पत्ताच 8 बाइटचा असतो. पॅरामीटर आणि स्थानिक चल ठेवायला जागा कुठून आणणार? रिलीज बिल्डमध्ये कंपायलर शेवटच्या ओळीतल्या रिकर्सिव्ह कॉलचे बहुधा लूपमध्ये रूपांतर करतो. चढत्या फाइलवर सगळे काम त्या शेवटच्या, उजव्या बाजूच्या कॉलमध्येच असते, म्हणून स्टॅक वाढत नाही आणि तुम्हाला फक्त संथपणा दिसतो.

आता मास्तरांनी वर दाखवलेली उतरती यादी रिलीज बिल्डला देऊन पाहा. तिथे एकाआड एक पाऊल डाव्या बाजूला जाते, आणि डावा कॉल शेवटचा नसल्यामुळे त्याचा लूप होत नाही. म्हणजे सुमारे 50 हजार पातळ्या. माझा अंदाज आहे की उतरत्या फाइलवर तुमचा रिलीज बिल्डही कोसळेल.

---

रेवदंडा_सी

आत्ताच करून पाहिले. उतरत्या फाइलवर रिलीज बिल्ड खरोखरच कोसळला. डीबगमध्ये काहीतरी अधिक तपासणी चालत असेल, असा माझा समज होता; तो धागा सोडून देतो.

तुलना मोजण्यासाठी `long long` चा एक मोजणीदार आणि खोली मोजण्यासाठी आणखी एक पॅरामीटर घातला. फंक्शन जसेच्या तसे ठेवून स्टॅकची मर्यादा तात्पुरती वाढवली. चढत्या फाइलवर तुलनांचा आकडा 4,99,99,50,000 आला, म्हणजे मास्तरांच्या सूत्राप्रमाणे शेवटच्या अंकापर्यंत बरोबर. विस्कळीत फाइलवर तो 20 लाखांच्या आसपास राहतो आणि खोली चाळिशीच्या आसपास.

---

सुषमा_वॉर्ड

माझाही अगदी हाच त्रास आहे, म्हणून येथेच लिहिते. मतदार यादीसारखी 2 लाख नावांची एक फाइल आहे आणि ती वॉर्ड क्रमांकानुसार लावायची आहे. वॉर्ड एकूण 10. फाइल क्रमात नाही, पूर्ण विस्कळीत आहे, तरीही असाच वेळ लागतो. वर वाचून मधला पिव्हट घेतला, नंतर यादृच्छिक पिव्हटही घेतला. काही फरक पडला नाही. म्हणजे मास्तरांचे स्पष्टीकरण अपुरे आहे का?

---

दुबईकर_सिस्टिम्स

सुषमाताई, दुखणे वेगळे आहे, पण हिशोब मास्तरांचाच लागू पडतो. तुमच्याकडे प्रत्येक वॉर्डात सुमारे 20 हजार नोंदी आहेत आणि त्या एकमेकींशी समान आहेत. वरच्या फंक्शनमध्ये अट `a[j] < p` अशी आहे. पिव्हटच्या बरोबरीच्या सर्व नोंदी उजवीकडेच जातात. एकदा का एखाद्या भागात फक्त वॉर्ड 6 च्या नोंदी उरल्या, की पिव्हट कुठूनही उचला, तो 6 च असणार आणि डावी बाजू रिकामीच राहणार. एका वॉर्डासाठी 20,000 × 19,999 ÷ 2, म्हणजे जवळजवळ 20 कोटी तुलना, आणि दहा वॉर्डांच्या मिळून 200 कोटी. पिव्हटची निवड इथे निरुपयोगी आहे, कारण निवडायला वेगळे काही नाहीच.

तुम्हाला विभाजनाची पद्धत बदलावी लागेल. पिव्हटहून लहान, पिव्हटइतके आणि पिव्हटहून मोठे असे तीन भाग करा आणि मधल्या भागाला पुन्हा हात लावू नका. मग एकेक वॉर्ड एकाच फेरीत बाजूला पडतो. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही टोकांकडून आत येणारे होअर यांचे मूळ विभाजन, जे बरोबरीच्या संख्येपाशी दोन्ही बाजूंनी थांबते आणि अदलाबदल करते. वरवर पाहता ती अदलाबदल व्यर्थ वाटते, पण तिच्यामुळेच समान नोंदी दोन्ही बाजूंना निम्म्यानिम्म्या वाटल्या जातात.

आणि खरे सांगायचे तर, फक्त 10 वॉर्ड असतील तर प्रत्येक वॉर्डात किती नोंदी आहेत ते एकदा मोजून थेट जागेवर ठेवणे सर्वांत सोपे. त्यासाठी क्विकसॉर्ट हवाच कशाला?

---

खटपट्या

समान नोंदींचा विषय वेगळा धागा काढून बोलावा. मूळ प्रश्नाला मधला पिव्हट पुरेसा आहे, हे माझे म्हणणे अजूनही कायम आहे. चढता क्रम, उतरता क्रम, दोन्हींवर तो यादी मधोमध कापतो. प्रत्यक्षात याहून वेगळे क्रम येतात कुठे?

---

निवृत्त_मास्तर

येतात, आणि पतसंस्थेच्या कामात तर सहज येतात. समजा एका शाखेचे सॉफ्टवेअर पावत्या जुन्यापासून नव्यापर्यंत देते आणि दुसऱ्या शाखेचे नव्यापासून जुन्यापर्यंत. दोन्ही फाइल एकामागे एक जोडून पावतीच्या वेळेनुसार लावायच्या आहेत. जोडलेली यादी अर्ध्यापर्यंत चढते आणि तिथून उतरते. बारा संख्यांत मांडायचे तर 1, 3, 5, 7, 9, 11, 12, 10, 8, 6, 4, 2.

मधला पिव्हट घ्या. `(0+11)/2` म्हणजे पाचवा निर्देशांक, तिथे 11 आहे. अकरा तुलना झाल्या आणि उजवीकडे एकटा 12 गेला. विभाजनानंतर डावा भाग 2, 3, 5, 7, 9, 1, 10, 8, 6, 4 असा उरतो. त्याचा मधला 9. नऊ तुलना, उजवीकडे एकटा 10. पुढचा भाग 4, 3, 5, 7, 2, 1, 8, 6, मधला 7, सात तुलना, उजवीकडे एकटा 8. पुढेही तसेच चालते आणि एकूण 11 + 9 + 7 + 5 + 3 + 1 = 36 तुलना होतात. एकूण जोड्या 66, वाचल्या फक्त 30. बाराच संख्या पूर्ण क्रमात असत्या तर तुमच्या मधल्या पिव्हटने 25 तुलनांत काम संपवले असते.

बारावर 36 आणि 25 हा फरक किरकोळ वाटेल. पण प्रत्येक पावलाला यादी फक्त दोनने कमी होत आहे, आणि तोच प्रकार 1 लाख नोंदींवर झाला तर तुलना 50,000 × 50,000, म्हणजे 250 कोटी. पहिल्या पिव्हटपेक्षा निम्म्या, पण 20 लाखांपुढे त्या निम्म्याचे कौतुक काय करायचे?

ही कल्पनेतली यादी नाही. 1991 साली बेल लॅब्जमध्ये ॲलन विल्क्स आणि रिक बेकर यांना युनिक्सच्या तेव्हाच्या `qsort` वर नेमका हाच आकार सापडला. काही मिनिटांचे काम तासन्‌तास चालले होते. त्यातूनच जॉन बेंटली आणि डग मॅकिलरॉय यांनी ते फंक्शन नव्याने लिहिले आणि 1993 साली त्यावरचा लेख प्रसिद्ध केला.

---

मृण्मयी_टेस्टिंग

मग पहिली, मधली आणि शेवटची अशा तिघींतली मध्यस्थ संख्या घेतली तर? आमच्या अभ्यासक्रमात हाच उपाय सर्वोत्तम म्हणून दिला होता. चढत्या आणि उतरत्या दोन्ही याद्यांवर पहिल्या विभाजनाला तो मधोमध कापतो, आणि विस्कळीत यादीवरही एकट्या संख्येपेक्षा बरा पिव्हट देतो.

---

दुबईकर_सिस्टिम्स

विस्कळीत यादीवर निश्चितच बरा. मास्तरांच्या बारा संख्यांवर मात्र पाहा: पहिली 1, मधली 11, शेवटची 2. मध्यस्थ निघते 2, म्हणजे खालून दुसरी! पहिल्याच विभाजनात डावीकडे एकटी 1.

कोणताही ठरलेला नियम घ्या, त्या नियमाला फसवणारी यादी असतेच, कारण नियम आधीच माहीत असतो. मॅकिलरॉय यांनी 1999 साली असा एक तुलना करणारा प्रोग्राम दाखवला, जो सॉर्ट चालू असतानाच उत्तरे अशी देत जातो की शेवटी त्या विशिष्ट सॉर्टसाठी वाईटात वाईट यादी तयार होते. तुमच्या यादीत कोणी शत्रू बसलेला नसेल, पण चढ-उताराची यादी शत्रूशिवायही तयार होते, हे वर दिसलेच.

म्हणून पिव्हट यादृच्छिक घ्यावा, या मताचा मी आहे. होअर यांनी 1961 साली क्विकसॉर्ट प्रसिद्ध केला तेव्हाही त्यांच्या विभाजनात पिव्हट यादृच्छिकच होता. पहिली संख्या घेण्याची सवय नंतर शिकवण्याच्या सोयीने रुळली असावी. यादृच्छिक निवडीत यादीचा क्रम काहीही असो, दोन संख्यांची तुलना होण्याची शक्यता यावरून ठरते की क्रमाने लावल्यावर त्यांच्या दरम्यान किती संख्या येतात. मास्तरांच्या आठ संख्यांत 11 आणि 58 यांची तुलना व्हायची तर आठांपैकी नेमका त्या दोघींतलाच एक जण सर्वांत आधी पिव्हट व्हायला हवा, कारण मधला कोणीही निवडला गेला तर त्यांची ताटातूट होते. ही शक्यता 2/8. पहिल्या पिव्हटवर, क्रमातल्या यादीत, हीच तुलना शंभर टक्के होते. 1 लाखाच्या यादीत दोन टोकांची तुलना होण्याची शक्यता 2/1,00,000 इतकी खाली येते. सर्वांत वाईट वेळ सैद्धान्तिकदृष्ट्या उरतोच, पण तो तुमच्या फाइलवर अवलंबून राहत नाही.

---

कोडवेडा_पुणे

मग सरळ ही ओळ घालावी आणि विषय संपवावा:

```c
swap(&a[lo], &a[lo + rand() % (hi - lo + 1)]);
```

---

दुबईकर_सिस्टिम्स

लिनक्सवर चालेल. रेवदंडा विंडोजवर आहेत, आणि मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत `RAND_MAX` फक्त 32767 आहे. म्हणजे यादी कितीही मोठी असली तरी पिव्हट पहिल्या 32,768 नोंदींतूनच निवडला जाणार. 1 लाखाच्या यादीवर फारसे बिघडत नाही; पहिली काही विभाजने एका बाजूला कललेली होतील इतकेच. पण 1 कोटी क्रमातल्या नोंदी घ्या. पिव्हट नेहमी सुरुवातीच्या टोकाजवळचा, प्रत्येक विभाजनात सरासरी 16 हजार नोंदी बाजूला पडणार, म्हणजे यादी संपवायला सुमारे 600 विभाजने, आणि एकूण तुलना 300 कोटींच्या घरात. खऱ्या यादृच्छिक निवडीत त्या 30 कोटींच्या आत असतात. दहापट संथ, आणि कोड वाचणाऱ्याला पिव्हट यादृच्छिकच दिसणार, त्यामुळे संशय तिकडे जाणारच नाही.

मोठ्या यादीसाठी दोन `rand()` जोडून 30 बिटांची संख्या बनवा, किंवा स्वतःचा छोटा जनरेटर लिहा.

---

निवृत्त_मास्तर

यादृच्छिकतेबद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. पतसंस्थेच्या साधनात तीच फाइल दोनदा दिली तर दोन्ही वेळा तेच पाऊल न्‌ पाऊल घडावे, अशी अपेक्षा रास्त आहे. यादृच्छिक पिव्हटने समान क्रमांकाच्या नोंदींचा आपसातला क्रम दर वेळी बदलू शकतो, आणि मग हिशोबतपासणीला दोन छापील याद्या जुळत नाहीत. बियाणे स्थिर ठेवले, तर पुन्हा तो ठरलेला नियमच झाला.

डेव्हिड मसर यांनी 1997 साली सुचवलेला मार्ग मला अधिक पटतो: पिव्हट तिघींतला मध्यस्थ घ्या, पण खोलीवर लक्ष ठेवा. ती log₂ n च्या दुपटीपलीकडे गेली, की हा भाग बिघडलेला आहे असे समजून तेवढाच भाग हीपसॉर्टकडे सोपवा. रेवदंडा यांनी खोली मोजणारा पॅरामीटर घातलाच आहे, त्यामुळे अर्धे काम झालेले आहे. सी++11 पासून `std::sort` ने सर्वांत वाईट परिस्थितीतही n log n च्या प्रमाणातच तुलना कराव्यात असे मानकाचे बंधन आहे, आणि प्रचलित अंमलबजावण्या याच वाटेने ते पाळतात. सी मधल्या `qsort` ला असे बंधन नाही. मानक त्याच्या वेगाबद्दल काही सांगतच नाही, आणि नावात क्यू असले तरी आत क्विकसॉर्टच असावा असेही म्हणत नाही.

---

दुबईकर_सिस्टिम्स

समान नोंदींचा क्रम टिकवायचा असेल तर मसर यांचा मार्गही तो टिकवत नाही, मास्तर. हीपसॉर्टही स्थिर नाही. छापील याद्या जुळवायच्या असतील तर मर्ज सॉर्ट घ्यावा, किंवा तुलनेत सभासद क्रमांकानंतर नोंदीचा मूळ अनुक्रमांक जोडावा. अनुक्रमांक जोडला की कोणत्याही दोन नोंदी समान उरत नाहीत आणि यादृच्छिक पिव्हटवरचा तुमचा आक्षेपही जातो.

---

निवृत्त_मास्तर

अनुक्रमांकाचा मुद्दा मान्य. उत्तर दर वेळी तेच येईल. तरीही लागणारा वेळ फाइलवर ठरावा की फाशांवर, या बाबतीत आपले मत जुळणार नाही असे दिसते.

---

मृण्मयी_टेस्टिंग

सॉर्ट करण्याआधी यादी क्रमात आहे का, एवढे एका फेरीत तपासून घेतले तर? 99,999 तुलनांत उत्तर मिळेल, आणि रेवदंडा यांच्या डेटाबेसमधून येणाऱ्या फाइलना सॉर्टची गरजच पडणार नाही.

---

रेवदंडा_सी

हे मीही करून पाहिले, कारण तपासणी स्वस्त आहे. अडचण अशी आली की महिनाअखेरीच्या फाइलमध्ये जुने सभासद क्रमाने असतात आणि नंतर पन्नासेक दुरुस्त केलेल्या नोंदी शेवटी चिकटवलेल्या असतात. तपासणी "क्रमात नाही" असे म्हणते, जे खरेच आहे, आणि मग पहिल्या पिव्हटचे फंक्शन त्या जवळजवळ क्रमातल्या यादीवर पुन्हा रखडते. पन्नास नोंदी इकडच्या तिकडे झाल्याने पहिली संख्या सर्वांत लहानांपैकीच राहते, आणि डावी बाजू रिकामी नसली तरी फार तर पन्नासेक नोंदींची असते.

सध्या तुलनेत अनुक्रमांक जोडला आहे, लहान भागावर रिकर्शन आणि मोठ्यावर लूप केले आहे, आणि दोन `rand()` जोडून पिव्हट घेतो आहे. महिनाअखेरीच्या त्याच फाइलवर तुलना 20 लाखांच्या आसपास आल्या. मास्तरांच्या खोलीच्या मर्यादेसाठी हीपसॉर्टचे फंक्शन लिहून ठेवले आहे, पण ते कधी चालवले जाईल अशी यादी अजून हाती नाही. मॅकिलरॉय यांच्या तुलनाकाराने ती बनवता येते का, ते पाहतो. मात्र तो तुलनाकार पिव्हट कोणता हे सॉर्टच्या वागण्यावरून ओळखतो, आणि बनवलेली यादी यादृच्छिक पिव्हटवर पुन्हा चालवली तर पिव्हट वेगळे येतील. तेव्हा चाचणीपुरते बियाणे स्थिर ठेवावे लागेल, असे दिसते.

---

सुषमा_वॉर्ड

वॉर्डनिहाय मोजणी करून थेट जागेवर ठेवण्याची पद्धत वापरली. काम लगेच होते. मात्र आता वॉर्डाच्या आत नावे आडनावानुसार लावायची मागणी आली आहे, आणि एकाच वॉर्डात एकाच आडनावाची शेकडो घरे आहेत. त्यासाठी तीन भागांचे विभाजन लिहिते आहे. त्यात मधला भाग संपतो कुठे, हे दाखवणारे दोन निर्देशांक परत कसे द्यावेत, हे कोणी सांगेल का?

---

खटपट्या

ताई, दोन पॉइंटर पॅरामीटर घ्या, `int *lt` आणि `int *gt`. विभाजन संपल्यावर त्यांत मधल्या भागाची सुरुवात आणि शेवट लिहा, आणि रिकर्शन `lo` ते `*lt - 1` व `*gt + 1` ते `hi` एवढ्यावरच करा. पिव्हट मात्र मधलाच घ्या, असे मी अजूनही म्हणेन.